पांढरे केस किती, त्यावर शेड आणि बेस कसा ठरवायचा?

रानजाई
आईचं वय ५८, केस खांद्यापर्यंत, जाडीला मध्यम. कपाळावर आणि कानशिलांपाशी जवळजवळ सगळे पांढरे, टाळूवर तीळ-तांदूळ, मानेवर मात्र अजून काळेच म्हणावे इतके. सहा आठवड्यांपूर्वी घरीच खोक्यातली बर्गंडी लावली. समोरचे केस जांभळट गुलाबी झाले आणि मागे काही लावलंय असंही वाटत नाही, उन्हात गेली की जराशी लाली दिसते तेवढीच. आता मुळाशी दीड सेंटिमीटरभर पांढरी पट्टी आली आहे. तिला साधा तपकिरी हवाय, काळा कुळकुळीत नको.

दुकानदाराने ५, ५.० आणि ५.३ अशा तीन ट्यूब पुढे ठेवल्या. तिन्ही 'लाइट ब्राऊन'च, म्हणाला. मग फरक काय? आणि पांढरे केस किती आहेत यावर शेड बदलते म्हणतात, ती नेमकी कशी?

सदाफुली
सोपं आहे गं. पांढरे जास्त असतील तर हव्या त्या शेडपेक्षा एक नंबर गडद घ्यायची आणि रंगात कालवायचा डेव्हलपर ३० व्हॉल्यूमचा. पांढरा केस चिवट असतो, २० ने नीट उघडत नाही. बर्गंडीवर सरळ ४ लाव, सगळं झाकलं जाईल.

अण्णा_डोंबिवली
केस पिकू नयेत म्हणून रोज सकाळी आवळ्याचा रस आणि रात्री माक्याचं तेल. आमच्याकडे सगळे हेच करतात.

रानजाई
अण्णा, पिकून झालेत हो. आता रंगवायचेत.

कंगवा_कात्री
आधी बर्गंडीचं काय झालं ते बघू, कारण त्यातच उत्तर आहे. एकच लाल शाई पांढऱ्या कागदावर आणि पाटीवर सांडली तर काय दिसेल? कागदावर भडक, पाटीवर जेमतेम ओलसर डाग. पांढऱ्या केसात स्वतःचा रंगकण उरलेलाच नसतो, त्यामुळे ट्यूबमध्ये जे आहे ते जसंच्या तसं दिसतं. बर्गंडीत लाल-जांभळा भरपूर आणि खाली तपकिरी आधार कमी. काळ्या केसावर तो आधार केस स्वतःच पुरवतो, म्हणून तिथे ती शोभते. पांढऱ्यावर आधार पुरवणारं कोणी नाही.

तो आधार म्हणजेच बेस. ट्यूबवर टिंबाच्या आधीचा आकडा गडदपणा सांगतो: १ काळा, ३ गडद तपकिरी, ५ फिकट तपकिरी, असं वर वर. टिंबानंतरचा आकडा छटा सांगतो. बहुतेक कंपन्यांत .१ म्हणजे राखी आणि .३ म्हणजे सोनेरी. पण .४ कुणाकडे तांबूस तर कुणाकडे लाल, त्यामुळे त्या त्या कंपनीचा शेडकार्ड बघितल्याशिवाय घेऊ नका. ज्याला टिंब नाही किंवा टिंबानंतर शून्य आहे तो बेस. काही कंपन्यांत ५ आणि ५.० एकच, काहींत ५.० हा जास्त दाट बेस असतो, खास पांढऱ्या केसांसाठी केलेला. तुमच्या दुकानदाराने दोन्ही वेगळ्या काढून ठेवल्या म्हणजे ती दुसऱ्या प्रकारची कंपनी असावी.

प्रमाणाचा ढोबळ हिशेब असा. पाव भागापेक्षा कमी पांढरे असतील तर आवडलेली छटा एकटी चालते. साधारण अर्ध्यापर्यंत तीन भागांत एक भाग बेस घालावा. अर्ध्याच्या वर गेलं की निम्मा बेस, आणि तीन-चतुर्थांशाच्या वर दोन-तृतीयांश किंवा अधिक. बेस आणि छटा यांचा पहिला आकडा एकच ठेवायचा, म्हणजे ५.३ बरोबर ५.०.

रानजाई
पण टक्के मोजायचे कसे? भांगात बघितलं तर तिचे सगळेच पांढरे वाटतात.

कंगवा_कात्री
भांग नेहमी फसवतो, कारण लोक भांग पाडतातच जिथे पांढरं जास्त असतं तिथे. केस कोरडे, बिनतेलाचे ठेवा. पेन्सिलएवढी बट पाच ठिकाणांहून उचला: दोन्ही कानशिलं, कपाळाच्या वर, टाळू आणि मानेच्या वर. रंगलेली टोकं सोडून द्या, फक्त नव्याने आलेला मुळाचा भाग बघा. बटेत पांढरे शोधावे लागत असतील तर पाव भागाच्या आत आहे. पांढरे-काळे एका नजरेत दिसत असतील तर अर्ध्याच्या आसपास. आणि काळे शोधावे लागत असतील तर तीन-चतुर्थांशाच्या पुढे गेलं. याहून बारीक मोजण्याची गरज पडत नाही.

एक गोष्ट महत्त्वाची. पाचही ठिकाणांची सरासरी काढू नका. तुमच्या आईचं समोर ८०, मागे १५ असेल तर सरासरी ४५-५० येईल, आणि त्या हिशेबाने केलेलं मिश्रण समोर कमी पडेल, मागे जास्त होईल. दोन वाट्या करायच्या.

सदाफुली, ३० बद्दल थोडं मतभेद आहेत. रात्री लिहितो.

सदाफुली
लिहा लिहा. पार्लरमध्ये मात्र मी ३० च वापरताना बघितलंय.

मेंदीचा_वाटा
या सगळ्या ट्यूबांपेक्षा मेंदी आणि नीळ, म्हणजे निळीच्या पानांची पूड, बरी नाही का? रसायन नाही, टक्के नाहीत, वाट्या नाहीत.

कंगवा_कात्री
टक्के तिथेही आहेत. नुसती मेंदी पांढऱ्या केसावर केशरी येते. डोक्यात दहा-बारा केस पांढरे असतील तर काळ्यातून तांबूस रेघा दिसतात, छान दिसतं. ८० टक्के पांढरे असले तर अख्खं डोकं नारिंगी. तिथे आधी मेंदी, धुऊन वर नीळ, अशा दोन पायऱ्या लागतात. मेंदी न लावता थेट नीळ लावली तर पांढऱ्यावर निळसर हिरवी झाक येते. म्हणजे मेंदी इथे बेसचंच काम करते.

मेंदीचा_वाटा
तसं बघितलं तर हो. पण एकत्र कालवूनही लावतात. निम्मी-निम्मी घेतली की तपकिरी येतो.

कंगवा_कात्री
येतो. पण पांढरे खूप असतील तर कानशिलावर एक रंग आणि टाळूवर दुसरा असं होतं, आणि खरा रंग दोन दिवसांनी उघडतो, तोवर कळत नाही. ज्यांना ट्यूबच्या रंगाची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी शुद्ध मेंदी-नीळ चांगलाच मार्ग आहे. मात्र 'काळी मेंदी' म्हणून पुडीत मिळते ती मेंदी नव्हे.

त्वचारोग_वाचक
याला जोडून. काळ्या मेंदीच्या पुड्यांत बहुतेक वेळा पीपीडी हे ॲलर्जी करणारं रंगाचं रसायन असतं, ट्यूबमध्येही असतं किंवा त्याचा भाऊबंद, आणि साधारणपणे शेड जितकी गडद तितकं ते जास्त. आधी कधी काही झालं नाही म्हणून आता होणार नाही असं नसतं, ॲलर्जी वापरता वापरताच जडते. रंग लावायच्या ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून बघा. खाज, पुरळ, सूज यापैकी काही दिसलं तर तो रंग डोक्याला लावू नका. आईने बर्गंडी लावली तेव्हा टाळू खाजली होती का?

रानजाई
नाही. पण चाचणीही केली नव्हती. या वेळी करते.

अण्णा_डोंबिवली
मी प्रश्न नीट वाचला नव्हता, माफ करा. माझं उलट आहे. वय ४६, कानांच्या वर दहा-वीस पांढरे, बाकी काळे. दर महिन्याला काळा कलप लावतो. आता सगळे केस शाईसारखे दिसतात आणि मुळाशी ते दहा-वीस जास्तच उठून दिसतात. काय चुकतंय?

कंगवा_कात्री
दहा केसांसाठी हजारो रंगवताय. शिवाय आपल्याकडे ज्याला आपण काळा केस म्हणतो तो बहुधा २ किंवा ३ नंबरचा असतो, १ क्वचितच. त्यामुळे १ नंबरचा काळा दर महिन्याला चढला की निळसर, सपाट दिसायला लागतो, आणि शेजारी उगवलेला पांढरा केस आणखी पांढरा वाटतो.

इतक्या कमी पांढऱ्यासाठी झाकणं हे ध्येयच ठेवू नका, मिसळवणं ठेवा. डेमी-परमनंट प्रकारचा रंग घ्या, बरोबर हलका डेव्हलपर येतो. शेड तुमच्या केसाइतकी किंवा एक नंबर फिकट: ३ किंवा ४, नुसता बेस, छटा नको. हलका डेव्हलपर काळ्याला उजळवत नाही, म्हणून लाली येत नाही. पांढरा केस पूर्ण काळा न होता तपकिरी होतो आणि गर्दीत हरवतो. वीस-पंचवीस धुण्यांत तो फिकट होत जातो, मुळाशी रेघ पडत नाही. लावायचाही फक्त कानांच्या वर, डोकंभर नाही. 'अमोनिया नाही' एवढं वाचून डेमी समजू नका, बरेच बिनअमोनियाचे रंग पक्केच असतात.

आता चढलेला काळा मात्र कापून किंवा वाढूनच जाईल. त्यावर फिकट रंग लावून काही होत नाही. रंगाने रंग उजळत नाही.

अण्णा_डोंबिवली
म्हणजे पुढचे चार महिने काळाच दिसणार. ठीक. दाढीला पण हाच?

त्वचारोग_वाचक
दाढीसाठी म्हणून विकतात तेवढाच, आणि पुन्हा चाचणी करून. भुवयांना नाही, डोळ्याशी खेळ नको.

कंगवा_कात्री
आता डेव्हलपर. ३० व्हॉल्यूम म्हणजे ९ टक्के, २० म्हणजे ६ टक्के, १० म्हणजे ३. डेव्हलपरची दोन कामं असतात: केसातला मूळ रंग उजळवणं आणि ट्यूबमधला रंग फुलवणं. पांढऱ्या केसात उजळवण्यासारखं काहीच नाही. तिथे ३० घातला तर फायदा काही नाही, आणि तीळ-तांदूळ भागातले काळे केस मात्र जास्त उजळतात, त्यातून तांबूसपणा वर येतो. १० ने उलट होतं, चिवट पांढऱ्यात रंग नीट शिरत नाही आणि लवकर फिका पडतो. म्हणून पांढरं झाकायचं तर ६ टक्के. प्रमाण एकास एक. काही ट्यूबवर एकास दीड लिहिलेलं असतं, तिथे मिश्रण पातळ होतं आणि पांढऱ्यावर काचेसारखं पारदर्शक बसतं. मात्र कंपनीने एकास एक ला परवानगी दिली आहे का ते आधी वाचा.

गडद घेण्याबद्दल सदाफुलींचं अर्धं बरोबर आहे. कानशिलावर रंग पकडतच नसेल तर तेवढ्या भागात एक नंबर गडद बेस मिसळणं हा चालणारा उपाय आहे. सगळ्या डोक्यावर मात्र नको.

सदाफुली
चला, अर्धे गुण तरी मिळाले. मग बर्गंडीचं काय? त्यावर ४ लावला तर झाकलं जाईल की नाही?

कंगवा_कात्री
झाकलं जाईल, पण समोरचा चेहरा काळसर लालीत जाईल आणि मुळाशी रेघ पुन्हा दुसऱ्या आठवड्यात दिसेल. केस महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. ८० टक्के पांढऱ्यावर जितका गडद रंग, तितकी रेघ ठळक.

रानजाई, तुमच्या आईसाठी असं करा.

समोरची वाटी: ५.० चे २० ग्रॅम, ५.३ चे १० ग्रॅम, ६ टक्के डेव्हलपर ३० मिली. ही कपाळ, कानशिलं आणि टाळूच्या तीळ-तांदळाला. मागची वाटी: नुसता ५, २० ग्रॅम, तोच डेव्हलपर २० मिली. ही मानेकडे. तोलून मापायची लाज वाटू देऊ नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा चालतो. डोळ्याने घेतलेले १० ग्रॅम पंधरा निघतात, आणि दोन वाट्यांत तेवढा फरक पडला की समोर-मागे जुळत नाही.

सोनेरी समोर आणि मागे नाही, हे उलटं वाटेल. काळा केस ६ टक्क्याने जरासा उजळला की आतून तांबूस-सोनेरी स्वतःच वर येतो, त्याला आणखी नको. पांढऱ्यात तो नसतो, म्हणून नुसता बेस कधीकधी मातकट, निर्जीव दिसतो. तिथे सोनेरी बाहेरून द्यावा लागतो. राखी छटा, म्हणजे .१, पांढऱ्यावर एकटी कधीच लावू नका. निळसर-हिरवट राख येते.

आणि मागचे केस ५ दिसणार नाहीत. काळ्यावर ५ लावला तर ४ च्या आसपास थांबतो. समोर ५, मागे ४. चेहऱ्याभोवती जरा उजळ आणि मागे गडद, हे नैसर्गिकच दिसतं. दोन्हीकडे एकसारखाच हवा असा हट्ट धरला तर समोर ४.० घ्यावा लागेल, मग वर म्हटलेली रेघ आलीच.

रानजाई
दोन वाट्या, दोन रंग, लावायला मी एकटी. क्रम सांगा.

कंगवा_कात्री
केस आदल्या दिवशी शांपूने धुवा, कंडिशनर नको, तेल तर अजिबात नको. खोबरेल लावलेल्या केसावर रंग घसरतो, आणि नेमका पहिल्यांदा कानशिलावरच घसरतो. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलिन लावा, केसाला लागू देऊ नका.

समोरची वाटी आधी कालवा. कानशिलांपासून सुरुवात करा, कारण तिथे रंग पकडायला जास्तीत जास्त वेळ लागतो. अर्ध्या सेंटिमीटरच्या पातळ फाकी पाडून मुळावर भरपूर लेप द्या, घासू नका. केस लेपाखाली दिसता कामा नये. मग कपाळ, मग टाळू. मागची वाटी तेव्हाच कालवा, आधीपासून नाही. कालवल्यापासून रंग फुलायला सुरुवात होते आणि अर्ध्या तासाने वाटीतला रंग थकलेला असतो.

शेवटचा ब्रश फिरला तिथून ३५ मिनिटं मोजा, चिवट असतील तर पुडीत लिहिलेल्या कमाल वेळेपर्यंत, बहुधा ४५. तीसाव्या मिनिटाला कानशिलावरची एक बट कापसाने पुसून बघा. पांढरा केस मळकट पिवळा दिसला तर अजून थांबा. तपकिरी दिसला पण बोटाने पुसल्यावर त्यात पांढरी चमक जाणवली, तरी थांबा.

सदाफुली
आणि जांभळ्या लांबीचं?

कंगवा_कात्री
मुळांचा लेप लांबीवर ओढायचा नाही. दर वेळी ओढला की टोकं काळी पडत जातात आणि मध्ये पट्टा तयार होतो. लांबीला तिसरं, हलकं मिश्रण: ५.० चे १० ग्रॅम आणि ५.३ चे १० ग्रॅम, ३ टक्के डेव्हलपर २० मिली, शेवटची दहा मिनिटं. सोनेरी जांभळ्याला मारतो. लाल तेवढा उरेल, पण तो तपकिरीत ऊबदार दिसतो. आधी कानामागची एक बट करून बघा, कारण लांबीवर बर्गंडी किती खोल बसली आहे हे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. अजूनही जांभळं दिसलं तर दुसऱ्या बटेवर ५.३ थोडा वाढवून बघा.

मेंदीचा_वाटा
आधी कधी मेंदी लावली असेल तर?

कंगवा_कात्री
रानजाई, हे विचारायचं राहिलं. शुद्ध मेंदी असेल तर चालतं, फक्त रंग असमान चढतो. पुडीत धातूची क्षारं असतील तर डेव्हलपरशी भिडून केस गरम होतो, तुटतो. गळलेले दहा-पंधरा केस काचेच्या वाटीत डेव्हलपर आणि अमोनियाचे काही थेंब यांत अर्धा तास ठेवा. वाटी तापली किंवा फेस आला तर ट्यूब परत कपाटात.

रानजाई
आईला विचारलं. सहा-सात वर्षांपूर्वी लावायची, ते केस कापून गेले. कोपराची चाचणी आज लावली. एक शंका: मागच्या वेळी कानशिलावर बर्गंडी सुद्धा नीट चढली नव्हती, तिथे काही पांढरे तसेच राहिले होते.

कंगवा_कात्री
म्हणजे ते चिवटच आहेत. कानशिलांना आधी मऊ करा: ६ टक्के डेव्हलपर कापसाने नुसत्या पांढऱ्या केसांवर, कातडीला न लावता, दहा मिनिटं. टिपून घ्या, धुऊ नका, आणि त्यावरच समोरची वाटी. बारीक, मऊ केस असतील तर हे करू नका, ते कोरडे पडतात.

इतकं करूनही तिथेच पांढरं राहिलं तर पुढच्या वेळी त्या भागात ४.० चे ५ ग्रॅम मिसळायचे. सगळीकडेच पातळ बसलं तर दोष कानशिलाचा नाही. डेव्हलपर जास्त पडलाय किंवा लवकर धुतलंय.

सदाफुली
मी अजूनही म्हणते, गव्हाळ रंगाला समोर ५ फार उजळ होईल. ४.५ असता तर घेतला असता.

कंगवा_कात्री
४.५ ची ट्यूब घेतलीत तर महोगनी निघेल, टिंबानंतरचा आकडा छटेचा. पण म्हणणं समजलं. ४.० आणि ५.० निम्मे-निम्मे मिसळा, तेच होतं. गव्हाळ कातडीला सोनेरी शोभतो की नुसता बेस, यावर आमच्यातही एकमत नाही. पाच वर्षांनी मागचेही पांढरे झाले की ६.० आणि ६.३ वर जावं असं माझं मत. तेव्हा रेघ कमी ठळक दिसते.

रानजाई
आईला दोन्ही वाचून दाखवलं. ती म्हणते समोर ५ च. शनिवारी लावते. लेपाला ट्यूब कमी पडली तर?

कंगवा_कात्री
मुळं दीड-दोन सेंटिमीटर आणि खांद्यापर्यंत केस, यात ५० ग्रॅम पुरतात, लांबीचे २० वेगळे धरले आहेत. ५.० ची एक ट्यूब जास्त आणून ठेवा, न उघडलेली परत करता येते. कमी पडलं म्हणून उरलेल्यात डेव्हलपर वाढवू नका.